डीपीवरची पाटी कशी वाचायची: ६३ चा आकडा, १७ मोटरी आन धुऱ्यावरचं शेवटचं वावर

प्रश्न १: साहेब, आमच्या डीपीवर ५ एचपीच्या १७ मोटरी आहे. हरभऱ्याच्या ओलिताले लाईन आली की डीपीजवळ ४०० व्होल्ट अन माह्या वावरात ३४० च दाखवते. यंदा दोन खेपा मोटर जळाली. पाटीचा फोटो पाठवला, त्यातलं काहीच समजत नाही. मोठी डीपी मागू का टॅप वाढवून मागू?

प्रश्न २: आमच्या उपसा गटाची स्वतःची २०० केव्हीएची डीपी आहे. पाटीवर १ ते ५ असा तक्ता आहे. व्होल्टेज वाढवायला नंबर वर न्यायचा का खाली?

उत्तर:

पहिले एक सांगतो, फोटो खालूनच मोबाईलचा झूम लावून काढला ते चांगलं केलं. पाटी धुळीनं किंवा रंगानं झाकली असली तरी पुसायला वर चढू नका, लाईन गेलेली असली तरी नाही, कारण एखाद्यानं इनव्हर्टर किंवा जनरेटर उलटा जोडून ठेवला असेल तर डीपी खालून जिवंत होते आन वरच्या बाजूला थेट ११ हजार व्होल्ट तयार होतात. सकाळी ऊन पाठीवर घेऊन उभं राहिलं की कोरलेले आकडे सावलीमुळे स्पष्ट दिसतात.

आता पहिल्या फोटोकडे येऊ. सगळ्यात वर ६३ केव्हीए आहे. हा आकडा म्हणजे डीपीनं दमून न जाता किती भार वाहावा त्याची मर्यादा. पण शेतकऱ्यासाठी त्याच्या खालची ओळ जास्त कामाची, जिथं अँपिअर लिहिलेले आहेत: एचव्हीकडे ३.३१ आणि एलव्हीकडे ८४. एचव्ही म्हणजे वरची ११ हजार व्होल्टची बाजू, एलव्ही म्हणजे तुमची बाजू, ४३३ व्होल्टची. म्हणजे एकेका फेजमधून ८४ अँपिअरपर्यंतच करंट न्यायचा. ५ एचपीची मोटर चांगल्या व्होल्टेजवर साधारण ८ अँपिअर घेते, सबमर्सिबल असेल तर थोडं जास्तच. ८४ ला ८ नं भागा, दहा मोटरी झाल्या. तुमच्याकडे १७ आहेत, म्हणजे १३६ अँपिअर, पाटीवरच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त. आणि लाईन ठराविक तासच येते म्हणून कोणी थांबून राहत नाही, प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो लावलेला, लाईन आल्याबरोबर सतराच्या सतरा मोटरी एकाच क्षणाला उठायला पाहतात. उठताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, त्या झटक्यात व्होल्टेज इतकं पडते की कोणतीच नीट उचलत नाही, नुसती गुणगुणत राहते आणि तापते. ऑटोला टायमर असतो, तो प्रत्येकानं वेगवेगळा लावा, पहिल्यानं १ मिनिट, दुसऱ्यानं २ मिनिटं असा. खर्च काहीच नाही, फक्त डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवायला पाहिजे.

त्याच्या खाली परसेंट इम्पिडन्स ४.५ लिहिलं आहे. याचा अर्थ असा, की कारखान्यात चाचणीच्या वेळी एलव्हीच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून टाकल्या आणि एचव्हीला ११००० च्या फक्त ४.५ टक्के म्हणजे ४९५ व्होल्ट दिले, तर तेवढ्यावरच डीपीचा पूर्ण करंट वाहायला लागतो. डीपीच्या पोटात असलेली अडवणूक समजा. या एका आकड्यावरून दोन गोष्टी निघतात.

एक म्हणजे डीपी स्वतः किती व्होल्ट खाते. मोटरींच्या पूर्ण लोडवर ही डीपी साधारण ४ टक्के खाईल, म्हणजे ४३३ चे ४१६ होतील. तुमच्या १३६ अँपिअरला साडेसहा टक्क्यांच्या जवळ, म्हणजे ४०५. तुम्ही ४०० मोजले, ते बरोबर बसते, थोडं मागून ११ केव्हीच कमी येत असेल. आता नीट पाहा भाऊ, डीपीनं खाल्ले जवळपास ३० व्होल्ट, पण डीपीपासून तुमच्या वावरापर्यंत ४०० चे ३४० झाले, म्हणजे ६० व्होल्ट एलटीच्या तारेत गेले. डीपीपेक्षा दुप्पट. ६३ ची काढून १०० केव्हीए बसवली तर त्याच लोडवर डीपीजवळ १०-११ व्होल्ट वाढतील, तुमच्या मोटरला ३५० मिळतील आणि मोटर पुन्हा जळेल. १०० ची मागणी चुकीची नाही, कारण आत्ताची डीपी ओव्हरलोड आहेच, पण तुमचं दुखणं तारेच्या लांबीत आहे. म्हणून अर्ज करताना नुसती क्षमतावाढ लिहू नका, शेवटच्या सात-आठ मोटरींसाठी त्या टोकाला वेगळी डीपी मागा, किंवा एचव्हीडीएसमध्ये एकदोन पंपाला लहान डीपी देतात तसं विचारा. ११ केव्हीची तार तुमच्या जवळ आली तरच हे ६० व्होल्ट वाचतील. आणि अर्जासोबत दोन्ही ठिकाणचं व्होल्टेज एकाच वेळी मोजलेलं लिहा, सोबत लाईनमनच्या टाँगटेस्टरनं तिन्ही फेजचे अँपिअर. पाटीवर ८४ आणि टाँगटेस्टरवर १३६, यापुढं वाद उरत नाही.

ते होईपर्यंत प्रत्येक मोटरला २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा. ८ अँपिअरची मोटर पावणेसातच्या आसपास येते, सतरा मोटरींचे १३६ चे ११५ होतात. ८४ च्या वरच आहे अजून, म्हणून अर्ध्यांनी आधी अर्ध्यांनी नंतर अशी पाळी लावल्याशिवाय डीपी वाचणार नाही, पण डीपी आणि तार दोन्हीकडचं व्होल्ट खाणं लगेच कमी होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डीपीच्या तोंडाशीच शॉर्ट झालं तर किती करंट फुटेल ते हाच आकडा सांगतो. ८४ भागिले ०.०४५, म्हणजे जवळपास १८६६ अँपिअर, पूर्ण लोडच्या २२ पट. डीपी असा झटका फार तर एकदोन सेकंद सोसते, तेवढ्यात फ्यूज उडायलाच पाहिजे. आणि आपण करतो काय, किटकॅटमधला फ्यूज वारंवार उडते म्हणून ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन-तीन पदर पिळून घालून देतो. मग पुढं तारेला तार भिडली तर किटकॅट शाबूत राहते आणि आतली वायंडिंग जाते. गव्हाच्या ऐन पाण्यात पंधरा दिवस डीपीविना काढलेलं गाव मी पाहिलं आहे, तिथं जळालेल्या डीपीच्या तिन्ही किटकॅटमध्ये बोटाएवढा तारेचा गुंता होता. फ्यूज उडत असेल तर तो ओव्हरलोड सांगून राहिला आहे, त्याचं तोंड बंद करू नका.

आता पाटीवरचं ते डीवायएन ११. मोठा डी, लहान वाय, लहान एन, मग ११. मोठं अक्षर एचव्हीचं: तिथली तीन वेटोळी डेल्टामध्ये, त्रिकोणासारखी. लहान वाय म्हणजे तुमच्या बाजूला स्टार जोडणी, एन म्हणजे स्टारच्या मधल्या टोकातून न्यूट्रल बाहेर काढलेला आहे. ११ म्हणजे घड्याळाचे अकरा, खालचं व्होल्टेज वरच्यापेक्षा ३० अंश पुढं असते. हे ११ फक्त दोन डीपी एकत्र जोडायच्या असल्या तरच लागते, तुम्ही ते सोडून द्या. पण डी आणि वाय लक्षात ठेवा, त्यावरून बिघाड वर आहे का खाली हे खोपडीतल्या बोर्डावरच कळते.

तिन्ही फेजवर न्यूट्रलसोबत एकेक बल्ब लावा, मोटरी बंद ठेवून. दोन बल्ब पूर्ण पेटले आणि एक अजिबात नाही, तर खालचा म्हणजे किटकॅटमधला फ्यूज गेला किंवा एलटीची एक तार तुटली. पण एक बल्ब पूर्ण, बाकी दोन अर्ध्या उजेडाचे, तर वरचा डीओ, म्हणजे ११ केव्हीकडचा फ्यूज, पडला आहे. कारण डेल्टामध्ये एक तार गेली की एका वेटोळ्याला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि उरलेली दोन ओळीनं लागून अर्धं अर्धं वाटून घेतात. दोन्ही वेळी मोटर चालू करायची नाही, ती उठत नाही आणि काही मिनिटांत जळते. लाईनमनला फोनवर “दोन बल्ब अर्धे आहेत” एवढं सांगितलं की तो सरळ डीओची तयारी करून येतो. बल्ब कधी भगभगीत कधी मंद होत असतील तर न्यूट्रल सुटला समजा, मग सगळं बंद करून तक्रार द्या, टीव्ही-चार्जर सगळे त्यातच जातात.

कूलिंगसमोर ओएनएएन अशी चार अक्षरं आहेत. आतलं तेल आपोआप फिरते, बाहेरची हवा आपोआप लागते, पंखा नाही पंप नाही. गरम तेल वर चढते, बाजूच्या नळ्यांतून थंड होऊन खाली उतरते, बस. पाटीवर तेलाचं तापमान ३५ अंश लिहिलं असेल तर ते बाहेरच्या हवेच्या वर ३५, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या ४५ मध्ये पूर्ण लोडवर आतलं तेल ८० ला जाईल. पावसाळ्यात नळ्यांवर वेली चढतात, त्या लाईनमनकडून काढून घ्या. तेल गळून नळीच्या वरच्या तोंडाखाली गेलं की फिरणंच थांबते. डीपीखाली माती काळी ओली दिसली की त्याच दिवशी कळवा.

तुमच्या ६३ च्या पाटीवर टॅपचा तक्ता नाही. लहान डीपींना बहुतेक वेळा टॅप नसतोच, त्यामुळे ती मागणी करून उपयोग नाही.

आता उपसा गटवाल्यांचं. तुमच्या तक्त्यात १ समोर ११५५०, २ समोर ११२७५, ३ समोर ११०००, ४ समोर १०७२५ आणि ५ समोर १०४५० आहे. हे व्होल्ट वरून येणाऱ्या लाईनचे आहेत, तुम्हाला मिळणारे नाहीत, सगळा घोळ इथंच होते. वरून १०४५० येत असताना खाली ४३३ मिळावे म्हणून ५ नंबर. म्हणजे तुमच्या पाटीवर नंबर वाढवला की खालचं व्होल्टेज वाढते. दुसऱ्या कंपनीच्या पाटीवर क्रम उलटा असू शकते, म्हणून नंबर पाठ करू नका, व्होल्टचा आकडा कमी कोणत्या ओळीत आहे ते पाहा.

एकदम ५ वर जाऊ नका. रात्री पंप बंद झाले, ११ केव्ही पूर्ण आलं, तर ४३३ चे ४५५ होतील आणि गटाच्या खोलीतल्या बल्बला २५० च्या जागी २६३ व्होल्ट लागतील. आधी ४ वर ठेवा, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज लिहून काढा, मग ठरवा. आणि हा टॅप चालू डीपीवर फिरवायचा नसतो. नुसते पंप बंद करून चालत नाही, वरचे तिन्ही डीओ काढून, अर्थिंग करून, परवानाधारक माणसानंच फिरवायचा. फिरवल्यावर खटका पूर्ण खाचेत बसला पाहिजे, अर्धवट राहिला तर आत ठिणगी पडून टॅपच जळते. पंप सुरू करायच्या आधी तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा, सारखं आलं तरच सुरू करा.