बत्तीस संदर्भ आहेत, पण प्रकरण उभे राहत नाही

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावची असून बेळगावात एम.ए. करते. माझा प्रबंध घरी बिड्या वळणाऱ्या स्त्रियांवर आहे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात बत्तीस संदर्भांचा सारांश वर्षानुक्रमे दिला, तर सरांनी ‘ही यादी झाली’ असा शेरा मारून प्रकरण परत केले. आता काय करू?

उत्तर : आपल्या प्रकरणातील कोणतेही दोन परिच्छेद आलटूनपालटून पाहावेत. वाचताना काही बिघडले नाही, तर सरांचा शेरा योग्य आहे. सारांश मात्र टाकून देऊ नयेत. ते पुढील कामाचा कच्चा माल आहेत.

एका मोठ्या कागदावर तक्ता आखावा. आडव्या ओळीत एकेक संदर्भ आणि उभ्या रकान्यांत आपल्या विषयाचे प्रश्न घ्यावेत: मजुरी कशी ठरते, तंबाखूच्या धुळीचा आरोग्यावर काय परिणाम होतो, १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याचे संरक्षण घरापर्यंत पोहोचले का, घरातील मुली या कामात केव्हा ओढल्या जातात. प्रत्येक चौकटीत त्या संदर्भाचे म्हणणे एका वाक्यात, पृष्ठांकासह लिहावे. तक्ता भरताना आडवा भरला, तरी प्रकरण लिहिताना तो उभा वाचायचा असतो.

मजुरीचा रकाना घेऊ. समजा, ‘अ’ हा अहवाल हजार बिड्यांमागचा ठरलेला दर देतो, ‘ब’ हा लेख स्त्रियांच्या मुलाखतींवरून हाती त्याहून कमी पैसे पडतात असे सांगतो, आणि ‘क’ हा प्रबंध ठेकेदाराने छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचा आणि कमी पडलेले पान स्वतःच्या पैशाने आणावे लागण्याचा हिशेब मांडतो. यादीत हे तिघे एकमेकांना भेटतच नाहीत. रकान्यातून परिच्छेद असा सुरू होईल: ‘ठरलेला दर आणि हाती पडणारी मजुरी यांत अंतर असल्याचे अ आणि ब एकत्र वाचल्यास दिसते, क त्याची कारणे छाट आणि पानाची तूट यांत शोधतो.’ वाक्याचा कर्ता आता लेखक नसून मुद्दा आहे. हाच ‘ब’ आरोग्याच्या विभागातही पुन्हा येईल आणि त्यात काही गैर नाही.

‘मराठी ग्रंथ’, ‘इंग्रजी लेख’ असे विभाग मात्र करू नयेत. ती कपाटाची मांडणी झाली. ज्या रकान्यात एकच संदर्भ बसतो, तो शेजारच्या रकान्यात मिसळावा. वर्षक्रम हवाच असेल, तर तो विभागाच्या आत, कायद्यापूर्वीचे आणि नंतरचे लेखन वेगळे दाखवण्यापुरता ठेवावा.

रिकाम्या चौकटी पाहून ‘यावर संशोधन झालेले नाही’ असे लिहिण्याचा मोह सर्वांनाच होतो. आपल्या भागात ते विशेष धोक्याचे आहे, कारण मराठीत न सापडलेले काम कन्नडमध्ये झालेले असू शकते. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कन्नड प्रबंध आणि शोधगंगावरील नोंदी पाहिल्यानंतरही चौकट रिकामी राहिली, तरच ती आपल्या प्रबंधाची जागा समजावी आणि प्रकरणाचा शेवटचा विभाग तिच्यावर लिहावा.