बिलिंग हिस्टरीच्या स्क्रीनशॉटवरून वर्षाचा खर्च कसा काढावा?

प्रश्न: गूगल प्लेच्या स्क्रीनशॉटमध्ये यूट्यूब प्रीमियम १४९, गाण्यांचं ॲप ११९, हॉटस्टार २९९ आणि प्राइम १४९९ दिसतंय. वर्षाला किती होतात? यातलं काही डबल आहे का?

उत्तर: हे वर्षाला ५,९११ रुपये होतात, आणि गाण्यांचं ॲप डबल आहे. हिशेब करताना नुसती रक्कम नका बघू, तीच नोंद पुन्हा किती दिवसांनी आली ते बघा. पहिली दोन दर महिन्याची आहेत असं धरलंय, म्हणून ती गुणिले १२: १,७८८ आणि १,४२८. हॉटस्टारचे २९९ तीन महिन्यांचे धरले तर गुणिले ४, म्हणजे १,१९६. प्राइम वर्षातून एकदाच. स्क्रीनशॉटमध्ये एखादी नोंद एकदाच दिसत असेल तर अंदाज करू नका. प्ले स्टोअरच्या Subscriptions मध्ये पुढची तारीख आणि मुदत दोन्ही दिसतात. रिफंडची नोंद असेल तर ती वजा करायला विसरू नका.

डबल असं की, पूर्ण यूट्यूब प्रीमियममध्ये यूट्यूब म्युझिक येतंच (लाइट प्लॅनमध्ये येत नाही). दुसरं ॲप बंद केलंत तर खर्च ४,४८३ वर येतो. तुमच्या प्लेलिस्ट तिथे असतील तर आधी त्या हलवा.

फक्त एक लक्षात घ्या: प्लेच्या यादीत प्लेमधून भरलेलेच पैसे दिसतात. वेबसाइटवरून कार्डाने भरलेले किंवा यूपीआय ऑटोपेने परस्पर कापले जाणारे दिसत नाहीत. त्यासाठी यूपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी उघडा, आणि मोबाइलच्या रिचार्जमध्ये एखादं ओटीटी आधीच मिळतंय का तेही पाहा. हॉटस्टार बऱ्याचदा तिथेच सापडतं.