ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये असताना VCE इतकं कमी का?

प्रश्न: VBE 0.7 व्होल्ट असताना VCE जवळपास शून्य कसं? दोन डायोडच्या मॉडेलवरून कळतं का?

कळतं: सॅच्युरेशनमध्ये बेस-कलेक्टर डायोडही चालू होतो, आणि VCE म्हणजे दोन्ही डायोडच्या व्होल्टेजमधला फरक, VBE − VBC. एबर्स-मोल मॉडेलमध्ये पाठीला पाठ लावलेले दोन डायोड बेस करंट घेतात आणि मधला करंट सोर्स Is(e^(VBE/VT) − e^(VBC/VT)) एवढा करंट कलेक्टरकडून एमिटरकडे नेतो. (नुसते दोन डायोड जोडून ट्रान्झिस्टर होत नाही तो या सोर्समुळेच.) समजा सप्लाय 5 व्होल्ट, कलेक्टरला 1 किलोओहम, बेस करंट 1 मिलिअँपिअर, फॉरवर्ड गेन βF 100, रिव्हर्स गेन βR 5. सोर्स 100 मिलिअँपिअर मागतो, रेझिस्टर 5 च्या पुढे देत नाही. म्हणून कलेक्टर खाली येतो, बेस-कलेक्टर डायोड उघडतो आणि बेस करंटमधले सुमारे 0.9 मिलिअँपिअर गिळतो. गणितात VCE साधारण 22 मिलिव्होल्ट येतं. मीटरवर मात्र त्याहून जास्त दिसेल, कारण कलेक्टरच्या सिलिकॉनचा स्वतःचा रेझिस्टन्स या साध्या मॉडेलमध्ये धरलेला नाही.