मीटर की एचपी? आमच्या कुळागराचा हिशोब

प्रश्न: गोव्यात फोंडा तालुक्यात पोफळीची बाग, म्हणजे कुळागर आहे, ५ एचपीची मोटर आहे. महाराष्ट्रातले नातेवाईक म्हणतात एचपीवर ठरावीक बिल असलेलं परवडतं, मीटर म्हणजे लूट. शेतकऱ्याला खरंच स्वस्त काय पडतं?

मीटर. कुळागर असेल तर डोळे झाकून मीटर.

हे नातेवाईक सगळ्यांचे सारखेच असतात की काय कोण जाणे. माझे भावोजी दोडामार्गचे. त्यांची बाग सरहद्दीपलीकडे, माझी अलीकडे. झाडं तीच, माती तीच, पाऊसही तोच. फरक एवढाच की त्यांच्या पंपाला मीटर नव्हता, एचपीवर बिल यायचं. दर मे महिन्यात ताईला घेऊन आले की जेवण झाल्यावर पंपाच्या खोलीकडे फेरी ठरलेली, आणि तिथे उभं राहून एकच वाक्य: "अरे, तुझा मीटर पळतोय बघ. आमचं बरं, कितीही चालवा."

हे "कितीही चालवा" ऐकून ऐकून माझे कान किटले. कितीही म्हणजे किती? पोफळीला पाणी लागतं तेवढंच लागतं. जास्त सोडलंत तर मुळाशी पाणी साचून झाडच खराब व्हायचं. फुकट मिळतं म्हणून कोणी दिवसातून चार वेळा जेवत नाही.

शेवटी एका मे महिन्यात मी त्यांना मीटरसमोर उभंच केलं. खोलीतला दिवा बंद, फक्त मोटर चालू. पडद्यावर आकडे फिरत असतात, त्यात ज्याच्यापुढे kWh दिसतं तो आकडा त्यांनी स्वतः हातावर पेनाने लिहिला, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. अर्धा तास मोटर चालवली आणि पुन्हा आकडा घेतला. फरक २.१ युनिटचा. म्हणजे ५ एचपीची मोटर तासाला ४.२ युनिट खाते. भावोजींना वाटत होतं पंधरा-वीस तरी खात असेल.

आकडा बरोबर आहे का, हे कागदावरही बघता येतं. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, पाचाचे झाले ३.७३. एवढी ताकद दांड्यावर मिळायची तर मोटर लाइनवरून थोडी जास्त ओढणार, कारण काही वीज तिच्या गरम होण्यात जाते. म्हणून ५ एचपीला तासाला चार ते साडेचार युनिट हे ठीकच. तुमच्याकडे सहा-सात दिसले तर मीटरला शिव्या देण्याआधी मोटर बघा. दोन-तीनदा वाइंडिंग केलेली मोटर पाटीवर ५ एचपी आणि आत भलतंच काही, असं असू शकतं. एचपीवर बिल असतं तिथे तर पाटी लहान आणि मोटर मोठी ही जुनीच युक्ती आहे.

आता हिशोब. गोव्यात शेतीच्या पंपाच्या बिलात दोन भाग असतात: एचपीमागे महिन्याचा छोटा स्थिर आकार, आणि वापरलेल्या युनिटचे पैसे. दर बदलत राहतात, म्हणून मी गोल आकडे धरतो, तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. समजा स्थिर आकार एचपीला १५ रुपये आणि युनिट दीड रुपया. माझं कुळागर डिसेंबर ते मे रोज साधारण चार तास पाणी घेतं, ते झाले ७२० तास. पाऊस लवकर उघडला तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळून आणखी ८० धरा. वर्षाचे ८०० तास. ८०० गुणिले ४.२ म्हणजे ३३६० युनिट, त्याचे ५०४० रुपये. स्थिर आकार वर्षाचा ९००. एकूण ५९४०.

हेच एचपीवर असतं तर? समजा एचपीला महिन्याला २०० रुपये. पाच एचपीचे महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार. माझ्या दुप्पट. आणि त्यातले चार हजार जून ते सप्टेंबरचे, जेव्हा बागेत गुडघाभर पाणी असतं आणि पंपाच्या खोलीचं दार आम्ही उघडतसुद्धा नाही!

मी हे सांगितलं तर भावोजी मानेनात. "पावसात आमचंही कमीच येत असणार," म्हणे. ताई तोवर गप्प होती. पुढच्या खेपेला तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जुनी बिलं आणली. तिमाही बिलं. जानेवारी-मार्चचं आणि जुलै-सप्टेंबरचं शेजारी शेजारी ठेवलं. चालू आकार दोन्हींवर एकच, रुपयाचाही फरक नाही. भावोजींनी ती बिलं कधी वाचलीच नव्हती, फक्त भरत होते. (भरत होते असं ते म्हणतात. थकबाकीचा रकाना मी मुद्दाम वाचला नाही, ताईचं घर आहे.)

ठरावीक दराला लोक बिनमीटर समजतात ते चूक. मीटर तिथेही असतो, फक्त तो तुमचा नसतो. महाराष्ट्राच्या दरपत्रकात मीटर नसलेल्या पंपांचे दर लावताना एचपीमागे वर्षाला १३१८ तास हा वापराचा निकष धरून त्याच्या वरचे आणि खालचे असे विभाग पाडलेत. म्हणजे कोणीतरी तुमच्या वतीने तास धरलेलेच आहेत, आणि ते तुमच्या एकट्याचे नसून तुमच्या विभागातल्या सगळ्या पंपांचे मिळून आहेत. माझ्यासारखा ८०० तासवाला त्यात सरासरीच्या भावाने भरतो आणि बारमाही उसाला रात्रंदिवस पाणी सोडणारा त्याच भावात सुटतो. ऊसवाल्यांनी ठरावीक दराचं गुणगान करावं, त्यांचा फायदा आहे. दोडामार्गच्या पोफळीवाल्याने कशाला करावं?

तुमचा स्वतःचा निकाल काढायचा तर एवढंच करा. ठरावीक दराने वर्षाला जे होईल त्यातून मीटरच्या बिलातला वर्षाचा स्थिर आकार वजा करा आणि उरलेल्याला एका तासाच्या खर्चाने भागा. वरच्या उदाहरणात बारा हजारांतून नऊशे गेले, ११,१०० राहिले. तासाचा खर्च ४.२ गुणिले दीड, म्हणजे ६ रुपये ३० पैसे. भागाकार साधारण १७६० तास. वर्षाला याहून जास्त पंप चालत असेल तरच ठरावीक दर स्वस्त. पावसाचे चार महिने सोडले तर उरलेले आठ महिने रोज सव्वासात तास, एकही दिवस न चुकता. कुळागरात एवढं कोण चालवतो? शेजारी वायंगण भात करतात, त्यांचा पंप दिवसाला दहा तास चालतो, पण तो तीनेक महिने. तेही नऊशे तासांच्या आसपासच थांबतात.

उलट बाजूनेही बघा. माझं ५९४० रुपयांचं बिल पाच एचपी आणि बारा महिन्यांत वाटलं तर एचपीला महिन्याला ९९ रुपये पडतात. उद्या कोणी एचपीला नव्वद रुपये ठरावीक दर देऊ केला तर मी मुकाट्याने घेईन. दरच इतका खाली आला तर तत्त्व वगैरे काही नाही.

मीटरचा आणखी एक उपयोग, जो भावोजींना आजही पटत नाही. एका उन्हाळ्यात तेवढ्याच बागेला चारऐवजी साडेपाच तास लागायला लागले. मीटरवर बघितलं तर तासाचे युनिट ४.२ वरून साडेतीनच्या खाली आलेले. युनिट कमी झाले म्हणून खूश होऊ नका. सेंट्रिफ्यूगल पंप पाणी कमी उचलायला लागला की वीजही कमी ओढतो. विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह वर काढला तर जाळीला पोफळीची कुजलेली पानं आणि शेवाळ थापल्यासारखं बसलेलं. साफ केल्यावर तास पुन्हा चारावर आले. याउलट पाणी तेवढंच आणि तासाचे युनिट वाढले तर बेअरिंग बघा, व्होल्टेज बघा. एचपीच्या बिलावर हे कळायला मार्गच नाही. भावोजींचा पंप बहुधा वर्षानुवर्षं असाच अर्धा गुदमरलेला चालला असेल, आणि ते म्हणतात कितीही चालवा.

आता ते म्हणतात, ते जिंकले. कारण एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं, पाच वर्षांसाठी तशी योजना आहे. त्यांचं बिल शून्य, माझं चालू. बरोबर आहे, शून्यापुढे माझं गणित चालत नाही. पण तो दर स्वस्त झाला म्हणून नव्हे, दुसरा कोणी भरतोय म्हणून. योजना संपली की पुन्हा तासांचाच प्रश्न येणार, आणि साडेसातच्या वरच्यांना तो आजही आहेच. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: गोव्यात तुम्हाला दोन पर्यायांतून निवडायचं नाहीच. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ प्रमाणे वीज मीटरनेच द्यायची आहे, नवीन जोडणीला तर मीटरच लागतो. त्यामुळे नातेवाइकांशी वाद घालायचा तर जरूर घाला, अर्ज कसला करणार?

माझं सगळं गणित उघड्या विहिरीवरचं आहे. खोल बोअरवेल असेल तर तेवढ्याच पाण्याला तास जास्त लागतात, तिथे स्वतः अर्ध्या तासाची चाचणी घेऊनच बोला. मीटर बंद पडला तर सरासरीने बिल येतं, आणि उन्हाळ्याची सरासरी पावसात लागली तर मीटरचा सगळा फायदा गेला. म्हणून जूनमध्ये मेन स्विच पाडताना आणि पाऊस संपल्यावर तो चढवताना रीडिंगचा फोटो काढून ठेवा. आणि शेतीच्या पंपावरून घरची टाकी भरू नका. एकाच विहिरीवर घर आणि बाग असली की सगळेच करतात, मला माहीत आहे. पण पकडलं तर कलम १२६ खाली लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि ती मागच्या वापरावरही लागते.