दशावताराच्या व्हिडिओला लहान मुलांचा शिक्का मारला नि कमेंट्स गेल्या, आता १८+ करू का?

प्रश्न: आमच्या गावच्या जत्रेतल्या दशावताराचा अडीच तासांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मुलंपण बघतात म्हणून "Yes, it's made for kids" केलं. कमेंट्स बंद पडल्या, जाहिरातीचे पैसे घटले, सजेस्टमध्ये सगळी बालगीतं येतात. मित्र म्हणतो १८+ कर म्हणजे सुटेल. करू का?

उत्तर:

१८+ अजिबात करू नका. मी कुडाळ तालुक्यातला, लोककलेचं रेकॉर्डिंग करतो, आणि या दोन्ही खड्ड्यांत मी स्वतः पडलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी "मुलंपण बघतात" हे डोक्यातून काढा. तो पर्याय कोण बघतं यासाठी नाहीये, व्हिडिओ मुलांसाठी केलाय का यासाठी आहे. अमेरिकेत मुलांच्या माहितीबद्दल कोप्पा नावाचा कायदा आहे, १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती आईवडलांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही असा. २०१९ मध्ये त्यावरून यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरून तडजोड करावी लागली आणि जानेवारी २०२० पासून जगभरातल्या प्रत्येक चॅनेलला हे सांगणं सक्तीचं झालं. म्हणजे आपण गावात बसून अपलोड केलं तरी नियम तोच.

आता तुमचं जे झालं ते सगळं त्या एकाच गोष्टीतून येतं. व्हिडिओ मुलांचा म्हटला की समोर मूल बसलंय असं धरूनच यूट्यूब चालतं, मग बघणाऱ्याची आवडनिवड पाहून लावायच्या जाहिराती बंद, फक्त व्हिडिओच्या विषयावरून ज्या लावता येतील तेवढ्याच उरतात आणि त्यांना भाव सहसा कमी मिळतो. कमेंट बंद कारण मुलाने तिथे नाव गाव काहीही लिहिलं तर तीपण माहितीच झाली. आणि शिफारशीत तो इतर मुलांच्या व्हिडिओंच्या शेजारी जाऊन बसतो, म्हणून तुमच्या संकासुराच्या बाजूला बालगीतं दिसतायत. मोठ्या व्हिडिओला अजून एक फटका म्हणजे कार्ड आणि एंड स्क्रीन जातात. तुम्ही आडदशावतार एका व्हिडिओत नि आख्यान दुसऱ्यात असं टाकलं असेल तर पहिला संपल्यावर दुसऱ्याकडे न्यायचा तो चौकोनच येत नाही, माणूस तिथूनच निघून जातो.

माझी केस सांगतो. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा रामायणातला एक खेळ मी पूर्ण शूट केला, तास सव्वा तासाचा. खाली मुंबईतले चाकरमानी लिहायचे, कोण म्हणे आजोबांसोबत बघितलेला, कोण विचारी कार्यक्रमाला बोलवायचं तर कोणाशी बोलू, दोन कार्यक्रम तर त्या कमेंटमधूनच ठरले. एक दिवस बघतो तर कमेंट गायब. मी काही बदललं नव्हतं. यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओच्या ओळीत "Made for kids" आणि पुढे तो शिक्का यूट्यूबनेच लावलाय असं. बाहुल्या दिसल्या, रंगीत कपडे, गाणी, मशीनने ठरवलं की मुलांचं. असं त्यांनी लावलं की आपल्याला तो पर्याय बदलता येत नाही, अपील करावं लागतं.

मी अपील करायच्या आधी गाढवपणा केला, तुमच्या मित्राने सांगितलं तसंच, बाहुल्यांच्या दुसऱ्या एका खेळाला घाबरून आधीच १८+ लावलं. दोन्ही शिक्के एकत्र लागत नाहीत हे खरं, १८+ केलं की तो मुलांचा राहत नाही आणि कमेंट चालू राहतात, त्यामुळे दोन दिवस मला वाटलं जमलं. मग वेंगुर्ल्याहून मावशीचा फोन, "रे माका तुझो व्हिडिओ दिसणा नाय, काय ता साइन इन कर म्हणून येता." तिच्या घरच्या टीव्हीवर कोणाचं अकाउंटच घातलेलं नाही. १८+ व्हिडिओ लॉगिन न करता चालतच नाही, "Sign in to confirm your age" एवढंच येतं. १८ खालच्या पोरांना तर नाहीच. एका मंडळाने तो आपल्या वेबसाइटवर लावला होता, तिथेपण चालेना, कारण असा व्हिडिओ बाहेरच्या बहुतेक साइटवर वाजत नाही. जाहिराती तांत्रिकदृष्ट्या लागू शकतात, पण बऱ्याच कंपन्यांना अशा व्हिडिओवर यायचं नसतं त्यामुळे कमी येतात किंवा येतच नाहीत. आणि यूट्यूबच्या काही भागांत तो दाखवलाच जात नाही. म्हणजे मुलांच्या शिक्क्याने प्रेक्षक चुकीचा मिळत होता, १८+ ने प्रेक्षकच मिळेना.

वरून १८+ हा शिक्का हिंसा, नग्नता, धोकादायक कृत्यं, अर्वाच्य भाषा यासाठी आहे. राक्षस नि देव लाकडी तलवारी घेऊन झांज-पखवाजाच्या तालावर युद्ध नाचतात त्याला तो कशाला? आपल्या कलेवर आपणच तसला शिक्का मारणं मला तरी मनापासून टोचलं.

बरोबर उत्तर मधलं आहे, "No, it's not made for kids", आणि खाली वयाचं बंधन आहे तिथे पण नाहीच. याचा अर्थ मुलांनी बघू नये असा होत नाही, सगळ्यांसाठी आहे एवढाच होतो. रात्रभराचा खेळ जत्रेला आलेल्या अख्ख्या गावासाठी असतो, हे प्रामाणिक उत्तर आहे. मात्र उद्या तुम्ही संकासुराकडून "बाळांनो, आज मी तुम्हाला गोष्ट सांगतो" असं दहा मिनिटांचं वेगळं काही करून घेतलंत तर ते मुलांसाठीच आहे, तिथे होय म्हणा नि कमेंट सोडून द्या, पैशासाठी खोटं नाही लिहू नका.

तुमच्यात होय तुम्हीच केलंय त्यामुळे तुम्हालाच बदलता येईल. स्टुडिओत व्हिडिओच्या डिटेल्समध्ये जाऊन Audience खाली बदला. मग चॅनेलच्या सेटिंगमध्येपण बघा, पूर्ण चॅनेलच मुलांचं ठेवलं असेल तर बेल आणि मेंबरशिपपण बंद असतात, तिथे प्रत्येक व्हिडिओला वेगळं ठरवायचा पर्याय ठेवा. एंड स्क्रीन नि कमेंटचं सेटिंग स्वतः उघडून तपासा, आपोआप सगळं जागेवर आलं असेल असं धरू नका. शिफारशी लगेच सुधारत नाहीत, अ‍ॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्सला सजेस्टेड व्हिडिओची यादी बघत रहा, बालगीतं जाऊन भजनं, दुसऱ्या मंडळांची नाटकं दिसायला लागली की समजा गाडी वळली.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या आख्यानात राजा हरिश्चंद्राचा रोहिदास वगैरे लहान मुलगा असेल आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्यावर असेल तर कमेंट तरीही बंद राहू शकतात. २०१९ पासून लहान मुलं ठळक दिसणाऱ्या व्हिडिओंवर यूट्यूब मुलांच्या सुरक्षेसाठी कमेंट बंद करतं, त्याचा या Audience शी संबंध नाही, तिथे सारखं होय-नाही करत बसू नका. माझ्या बाहुल्यांचं अपील मान्य झालं, कमेंट चालू आहेत, आणि त्या १८+ वाल्याचा शिक्का मी स्वतः लावला होता म्हणून स्वतःच काढता आला. यूट्यूबने लावला असता तर त्याला अपील एकदाच मिळतं.

बदल केल्यावर लिंक लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघा, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या टीव्हीवर.