व्हिडिओत दिसत नाही ते कॅप्शनमध्ये लिही

साबणाच्या व्हिडिओखाली तू ‘प्रेमाने बनवलेला’ एवढंच लिहिलं आहेस. ते कुणाच्याही वस्तूला चालेल. मिश्रण ओतणं, वड्या कापणं लोकांना दिसतंच आहे. दिसत नाही ते त्यानंतरचं वाट पाहणं. कापलेली वडी चार ते सहा आठवडे रॅकवर सुकते, त्यातलं पाणी उडतं, म्हणून ती कडक होते आणि जास्त दिवस टिकते. कॅप्शन त्यावर लिही.

पहिली ओळ सर्वांत जपून, कारण पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. मी असं लिहीन:

“ही वडी आज कापली, पण आज तुम्हाला देणार नाही. अजून महिनाभर ती माझ्याकडे सुकेल. रोज एकदा मी ती उलटते, म्हणजे दोन्ही बाजूंना वारा लागतो. घाई केली तर साबण मऊ राहतो आणि लवकर विरघळतो.”

एकटी काम करतेस, तर ‘आम्ही’ नको, ‘मी’च लिही. आणि ‘केमिकल-फ्री’ अजिबात नको. व्हिडिओत कॉस्टिक सोडा दिसतोय, कुणीतरी विचारणारच. त्यापेक्षा सरळ सांग की सोडा आणि तेल यांच्या संयोगातूनच साबण होतो, आणि प्रमाण बरोबर असेल तर तयार वडीत सोडा उरत नाही.