तिला वर चढायचंय, त्याला शुक्रवार हवाय

आम्स्टेलवेनहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आम्ही २०२२ मध्ये नेदरलँड्सला आलो. नवऱ्याच्या नोकरीवर, म्हणजे परमिट त्याचं आणि मी त्याची जोडीदार म्हणून. सहा महिन्यांत मलाही नोकरी लागली. आता मला टीम लीडची जागा देऊ केली आहे. पगार महिना ५,२०० वरून ६,४०० युरो होईल, पण दर महिन्याला तीन-चार रात्री लंडनला राहावं लागेल. आणि नेमकं आत्ताच नवरा म्हणतोय, मला चार दिवसांचा आठवडा हवा, आता धावायचं नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. तो ३६ चा आहे, मी ३४ ची. मला वाटतं तो हातपाय गाळतोय. त्याला वाटतं मला घराची पर्वा नाही. नाशिकला सासूबाईंना हे कसं सांगायचं तेही कळत नाही."

सासूबाईंचं शेवटी बघू.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: परमिट त्याचं. म्हणजे ज्याला वेग कमी करायचाय, त्याच्याच पगारावर तुम्हा तिघांचं इथलं राहणं उभं आहे. हा पेच स्वभावाचा नाही, कागदाचा आहे. तो न सोडवता तुम्ही महत्त्वाकांक्षेवर भांडत बसलात तर भांडण संपायचं नाही, कारण दोघांच्याही पोटात असलेली भीती खरी आहे.

तुमच्या नवऱ्यासारख्या हायली स्किल्ड मायग्रंटला, म्हणजे कुशल नोकरीच्या परमिटवर आलेल्याला, ठरावीक किमान पगार लागतो. २०२५ साली तिशीपुढच्यांसाठी तो महिना ५,६८८ युरो होता, सुट्टीचा भत्ता सोडून. आणि हा आकडा अर्धवेळ काम करणाऱ्यासाठी कमी होत नाही. खूप जण इथेच फसतात. डच सहकारी चार दिवस काम करतो, मग मीही करीन, असं म्हणतात. पण सहकाऱ्याचं परमिट पगाराला बांधलेलं नसतं.

तुम्ही नंतर फोनवर सांगितलंत की नवऱ्याचा पगार ६,६०० आहे आणि मार्च २०२५ मध्ये त्याने कंपनी बदलली. चाळीस तासांचे बत्तीस केले तर पगार ५,२८० होतो. रेषेच्या खाली. छत्तीस तास केले तर ५,९४०. रेषेच्या वर, अडीचशे युरो शिल्लक ठेवून. म्हणजे जो "चार दिवस" तुम्हा दोघांना सर्वस्वाचा प्रश्न वाटत होता, त्याचं उत्तर चार तासांच्या फरकात आहे. छत्तीस तास नऊ-नऊ तासांच्या चार दिवसांत बसतात. किंवा एक आठवडा पाच दिवस, पुढचा चार. इथल्या बऱ्याच कंपन्यांत दोन्ही चालतं. अर्ज करण्याआधी त्याने एचआरकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: त्याच्या परमिटला नेमक्या कोणत्या सालचा आकडा लागू आहे आणि नवा पगार त्यात बसतो का.

अर्जाची रीत सोपी आहे. कायदा आहे, वेट फ्लेक्सिबेल वेर्कन. सव्वीस आठवडे नोकरी झालेली हवी आणि कंपनीत किमान दहा माणसं हवीत. ज्या तारखेपासून बदल हवा तिच्या दोन महिने आधी लेखी मागायचं: तारीख, तास आणि कोणत्या वारी किती. तास कमी करायला नकार द्यायचा तर कंपनीला भक्कम कारण दाखवावं लागतं. त्या तारखेच्या एक महिना आधीपर्यंत कंपनीने उत्तरच दिलं नाही, तर मागितलेलं मंजूर धरलं जातं. उलटा रस्ता मात्र तितका खात्रीचा नाही. तास वाढवायला पुढे कंपनीकडे काम किंवा पैसे नसतील तर ती नाही म्हणू शकते. म्हणून अर्जाआधी शिलकीतल्या रजेतून त्याने सलग दहा-बारा शुक्रवार काढून बघावेत. चौथ्या शुक्रवारी त्याला हलकं वाटतंय की तो दुपारी लॅपटॉप उघडून बसलाय, हे तुम्हालाच दिसेल. दुसरं झालं तर त्याला शांत आयुष्य नको आहे, हा साहेब नको आहे. त्यावरचा इलाज वेगळा.

दुसरी वाटही आहे. परमिटच तुमच्या नावावर घ्यायचं. ६,४०० पगारात तुम्ही २०२५ च्या रेषेच्या वर आहात, फक्त तुमची कंपनी आयएनडीची, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याची, मान्यताप्राप्त प्रायोजक हवी, आणि रेषा दर जानेवारीत वाढते हे ध्यानात ठेवा. मग तो तुमचा जोडीदार म्हणून राहील आणि वाटेल तितके तास काम करील, पगाराची अट त्याला नाही. ऐकायला छान आहे. पण मी आत्ता हे सुचवणार नाही. नव्या पदावर पहिलं वर्ष कुणालाच सोपं जात नाही, आणि तुमची नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. तेव्हा तिघांचा भार एकट्या तुमच्यावर असेल. शिवाय त्याचं इथलं राहणं तुमच्या नोकरीवर आणि लग्नावर अवलंबून राहील. आज तुम्ही त्या जागी आहात, तेव्हा ते कसं वाटतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

२०२७ मध्ये तुमची पाच वर्षं भरतील. डचची परीक्षा दोघं पास झालात आणि मध्ये खंड पडला नाही, तर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येईल. ते वास्तव्य मिळालं की ही पगाराची रेषाच उरत नाही. तोवर छत्तीस तास, मग हवं तर बत्तीस. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि बढती आजच घेतली असती.

आता "हातपाय गाळतोय" याबद्दल. तुम्ही महिन्यात चार रात्री लंडनला असाल तेव्हा पोरीला शाळेनंतरच्या पाळणाघरातून कोण आणणार? तोच. तुमची चढण त्याच्या सावकाशीवर उभी राहणार आहे, हे तोंडाने म्हणा, एकदा तरी. आणि दुसरी बाजू त्यालाही सांगा: कमी तास म्हणजे पगाराबरोबर पेन्शनची जमाही कमी. महिना ६६० युरो ढोबळ पगार जाईल. तुमचे १,२०० वाढतील. त्यातून त्याच्या नावावर काही बाजूला टाकायचं का, हे आत्ताच ठरवा.

सासूबाईंना एवढंच सांगा की त्याने कामाचे तास थोडे कमी केलेत. डच शेजाऱ्यांकडे बापाच्या सुट्टीच्या दिवसाला "पापाडाख" म्हणतात आणि कुणी वळूनही बघत नाही. दिवाळीच्या फराळाला मात्र आपल्याच मंडळींत कुणीतरी चकली मोडत विचारणार, "मग हे सध्या घरीच का?" त्याचं उत्तर त्याला देऊ दे.

आणि अर्जात वार कोणता लिहितोय ते बघा. बऱ्याच शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात. त्याने बुधवार घेतला तर तो दिवस पोरीचा होईल, डबा, पोहणं, वाढदिवसांच्या पार्ट्या. त्याला तेच हवं असेल तर उत्तम. स्वतःसाठी दिवस हवा असेल तर मुलीची शाळा ज्या दिवशी पूर्ण वेळ असते असा वार लिहायला सांगा, आणि त्या दिवशीचं वॉशिंग मशीन तुम्ही आदल्या रात्रीच लावून ठेवा.